तिकीट मराठीत की इंग्लिशमध्ये? आधी क्रियापदं बघा

प्रश्न: आमची टीम पुण्यातली, सपोर्टवाले बरेचसे मराठीतच लिहितात, डेव्हलपर अर्धं इंग्लिश, आणि दोन जणांना मराठी येतच नाही. तिकिटाचं टायटल वाचून कुणालाच नक्की काय झालंय ते कळत नाही. सगळं इंग्लिशमध्येच लिहायची सक्ती करावी का?

उत्तर:

सक्ती नका करू. आम्ही केली होती, साधारण दोन महिने. झालं काय तर सपोर्टच्या लोकांनी लिहायचंच कमी केलं, आधी चार ओळी यायच्या त्या जागी "Bill issue, pls check" एवढंच यायला लागलं. म्हणजे भाषा बदलली आणि माहिती गेली.

मी औषधांच्या होलसेलर लोकांसाठीच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करते, सपोर्टकडून आलेली तिकिटं रोज सकाळी बघून पुढे द्यायची हे माझं काम. इतकी तिकिटं वाचल्यावर माझं ठाम मत झालंय की घोळ नामांमुळे होत नाही. बिल, स्कीम, स्टॉक, बॅच, रिपोर्ट हे सगळ्यांना कळतं, मराठी न येणाऱ्यालाही. घोळ होतो तो क्रियापदामुळे. आपण बोलताना काढणे, जाणे, येणे, लागणे असली चार-पाच क्रियापदं सगळीकडे वापरतो आणि समोर माणूस असला की संदर्भाने बरोबर कळतं, तिकिटात मात्र तो संदर्भ नसतो.

एक तिकीट सांगते म्हणजे लक्षात येईल. टायटल होतं:

```
स्कीम काढल्यावर बिल जात नाही
```

आणि डिस्क्रिप्शनमध्ये "कस्टमर परवापासून फोन करतोय, अर्जंट" एवढंच.

आता वाचा हे. "स्कीम काढली" म्हणजे कंपनीने नवीन स्कीम काढली, जशी दिवाळीची ऑफर काढतात तशी? की बिलाला लागलेली स्कीम काढून टाकली? दोन्ही मराठी एकदम बरोबर आहेत आणि अर्थ एकमेकांच्या उलटे आहेत. "बिल जात नाही" म्हणजे पाठवलं जात नाही, का डिलीट होत नाही? आणि पाठवलं जात नाही असं धरलं तरी कुठे, व्हॉट्सॅपवर, मेलवर, का ई-इनव्हॉइस पोर्टलवर?

आमच्या डेव्हलपरने पहिला अर्थ घेतला. त्याने स्कीम मास्टरमध्ये नवीन स्कीम तयार केली, बिल बनवलं, मेल केलं, सगळं व्यवस्थित. मग "होत नाहीये माझ्याकडे" असं लिहून तिकीट बंद. त्याची काही चूक नव्हती, त्याने जे वाचलं ते तपासलं. दोन दिवसांनी तिकीट परत उघडलं, मग मी कस्टमरला स्वतः फोन लावला आणि त्यांच्या स्क्रीनवर बघितलं तेव्हा खरी गोष्ट कळली.

बिल होतं १२ बॉक्सचं, १०० रुपये रेट, म्हणजे १२००. त्यावर १०% स्कीम लागली होती, १२० कमी होऊन १०८०, वर ५% जीएसटी ५४, एकूण ११३४. बिल सेव्ह केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही स्कीम या पार्टीला नाहीये, म्हणून त्यांनी बिल परत उघडून `Remove Scheme` दाबलं. स्क्रीनवर एकूण बरोबर १२६० झालं. पण ई-इनव्हॉइसचा नंबर मिळवायला `Generate IRN` दाबलं की ई-इनव्हॉइस पोर्टलकडून एकूण रक्कम जुळत नाही म्हणून बिल परत यायचं, कारण आमचं सॉफ्टवेअर खाली एकूण १२६० पाठवत होतं आणि आयटमच्या ओळीत १२० चा जुना डिस्काउंट तसाच राहिला होता. बग दुरुस्त करायला तासभरही लागला नाही. तेवढ्यासाठी कस्टमरचा माल चार दिवस गोडाऊनमध्ये पडून राहिला.

तेच तिकीट मी नंतर असं लिहिलं:

```
Sales Bill: Generate IRN fails after Remove Scheme on saved bill

काय केलं: सेव्ह केलेलं बिल SB-1042 परत उघडलं,
  Remove Scheme दाबलं, सेव्ह केलं, मग Generate IRN दाबलं.
काय झालं: "Total mismatch" असा मेसेज, IRN आला नाही.
  स्क्रीनवर एकूण 1260.
काय व्हायला हवं: 1260 च्या बिलाचा IRN यायला हवा.
स्कीम न काढता त्याच पार्टीचं दुसरं बिल: IRN येतो.
व्हर्जन 4.12.3, 14 मार्चपासून.
कस्टमरचे शब्द: "स्कीम काढल्यावर बिल जात नाही"
```

यात बघा, टायटल इंग्लिश आहे पण ते काही फार इंग्लिश येणाऱ्याने लिहिलंय असं नाही. स्क्रीनचं नाव, स्क्रीनवरच्या दोन बटणांची नावं जशीच्या तशी, आणि fails, after, on saved bill. एवढंच. सपोर्टमधल्या कुणालाही हे जमतं कारण बहुतेक शब्द समोर स्क्रीनवर लिहिलेले असतात, ते बघून उतरवायचे. `Remove Scheme` लिहिलं की "काढणे" चा प्रश्नच मिटतो, बटणाला दुसरा अर्थ नसतो.

टायटल तरी इंग्लिशमध्ये का, तर शोधण्यासाठी. मराठी रोमन अक्षरात लिहिलं की स्पेलिंग ज्याचं त्याचं. एकाच बगची आमच्याकडे तीन तिकिटं होती, एकात "bill jat nahi", दुसऱ्यात "bill jaat nahiye" आणि तिसरं देवनागरीत. बोर्डावर शोधताना एक टाकलं की बाकीची दोन येत नाहीत. देवनागरीतही कोणी इनव्हॉइस लिहितं कोणी इन्व्हॉइस. स्क्रीनवरच्या नावाचं स्पेलिंग मात्र एकच असतं, `Generate IRN` शोधलं की सगळी तिकिटं एका जागी. स्क्रीनचं नाव सगळ्यात पुढे ठेवायचं, कारण जिरामध्ये टायटलला २५५ अक्षरं चालत असली तरी बोर्डावर आणि मेलच्या यादीत पहिले सात-आठ शब्दच लोक वाचतात.

डिस्क्रिप्शन मात्र मराठीत खुशाल लिहू द्या. माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत तो जास्त बारकावे सांगतो, हे मी रोज बघते. तुमच्याकडे दोन जणांना मराठी येत नाही, त्यांच्यासाठी फक्त "काय केलं" ची ओळ इंग्लिशमध्ये द्या. त्यात बटणांची नावं क्रमाने आली की त्यांचं निम्म्याहून जास्त काम होतं, बाकीचं ते विचारून घेतात.

कस्टमरचं वाक्य शेवटी जसंच्या तसं ठेवायचं, भाषांतर करायचं नाही आणि सुधारायचंही नाही. यावर माझं आमच्या लीडशी बरंच बोलणं झालं, त्यांचं म्हणणं की मग ते पुन्हा गोंधळ घालेल. पण सपोर्टवाल्याने कस्टमरचं बोलणं चुकीचं समजून घेतलं असेल तर ते पकडायची तेवढी एकच जागा असते. "कस्टमर म्हणाला" आणि "मला वाटतं" हे दोन्ही एका वाक्यात मिसळलं की परत वेगळं करता येत नाही.

आता ती क्रियापदं. आमच्या चॅनेलवर मी एक छोटी यादी पिन करून ठेवलीय, त्यातली जास्त त्रास देणारी सांगते. "लागत नाही" हे सगळ्यात वाईट. "पासवर्ड लागत नाही" म्हणजे पासवर्ड टाकला तरी उघडत नाही, किंवा पासवर्डची गरजच पडत नाही, आणि दुसरा अर्थ असेल तर ते केवढं मोठं सिक्युरिटीचं भोक आहे. "डिस्काउंट लागत नाही" तसंच. "रिपोर्ट येत नाही" मध्ये मेनूत दिसत नाही, कोरं पान येतं, मेलवर पोचत नाही, असे तीन प्रकार मी पाहिलेत, आणि एकदा तर त्या माणसाला रिपोर्ट काढता येत नव्हता एवढंच होतं, त्याला शिकवायचं होतं. "बिल फाडलं" हे दुकानदार लोक बिल बनवलं या अर्थाने म्हणतात, पावती फाडतात तसं, आमच्या हैदराबादच्या टेस्टरने कुणाला तरी शब्दाचा अर्थ विचारला आणि बिल कॅन्सल केलं असं धरून अर्धा दिवस तपासत बसली. आणि "चालत नाही" याला तर काही अर्थच उरलेला नाही. हे शब्द टायटलमध्ये दिसले की मी तिकीट पुढे देत नाही, आधी विचारते की स्क्रीनवर नेमकं काय दिसलं.

"परवा" सुद्धा त्याच यादीत आहे. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा दोन्ही एकच, त्यात तिकीट शुक्रवारी लिहिलं आणि सोमवारी वाचलं तर काल आणि उद्याही बदललेले असतात. तारीख लिहायची आणि महिना अक्षरात, म्हणजे ५/६ हा जून की मे हा वादच नको.

दुसरी एक सवय आपली, कर्ता गाळायची. "सेव्ह केलं आणि उडालं." काय उडालं? बिल, त्यातली ओळ, का अख्खं ॲप बंद झालं? बोलताना हे चालतं, लिहिताना प्रत्येक वाक्यात "काय" ते आलंच पाहिजे.

हे सगळं सपोर्टच्या माणसाकडून फोन चालू असताना मागू नका. त्याच्या कानाला चिडलेला कस्टमर असतो. आमच्याकडे ते हवं तसं लिहितात, व्हॉइस नोट टाकली तरी चालते, फक्त बिल नंबर आणि मेसेजचा स्क्रीनशॉट हवाच. टायटल मी सकाळी बदलते आणि जुनं टायटल डिस्क्रिप्शनच्या तळाला ठेवते, म्हणजे ज्याने लिहिलं त्यालाही त्याचं तिकीट सापडतं. तुमच्याकडे हे काम एका माणसाला द्या, रोज अर्धा तास लागेल. बिलिंग पूर्ण बंद पडलं असं काही असेल तर आधी फोन, तिकीट नंतर.

टायटल जमलंय का ते बघायला मी ते शेजारी बसलेल्या, त्या कॉलवर नसलेल्या कुणालाही वाचायला देते आणि विचारते, पहिलं कुठलं बटण दाबशील? त्याने बरोबर बटण सांगितलं तर तिकीट पुढे जातं, आणि "म्हणजे नक्की काय?" असं विचारलं तर तोच प्रश्न मी सपोर्टला पाठवते.