कलम ८(१)(ञ) दाखवून हजेरीपत्रक नाकारलं: आता लोकहित मांडायचं कुठे आणि कसं?

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेने कचरा उचलायचं कंत्राट दिलंय. ठरावात ४२ कामगार आहेत, पण सकाळी हजेरी शेडवर २५ च्या वर कधी दिसले नाहीत. मी माहिती अधिकार कायद्याखाली तीन महिन्यांची हजेरीपत्रकं आणि कंत्राटदाराची बिलं मागितली. २८ व्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही." कायदा बदलला म्हणतात, मग अपिलात काही अर्थ उरलाय का? की थेट माहिती आयोगाकडे तक्रार करू?

उत्तर:

थेट आयोगाकडे जाऊ नका. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील हे दोन वेगळे रस्ते आहेत. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय की कलम १८ च्या तक्रारीत आयोग अधिकाऱ्यावर कारवाई करू शकतो, माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला हजेरीपत्रक हवंय, तेव्हा आधी प्रथम अपील. उत्तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र ब मध्ये, २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा, मुदत त्यावरूनच सिद्ध करावी लागते.

आता कायदा बदलल्याचं. हो, बदललाय. जुन्या (ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्याआधी अधिकाऱ्याला काही तपासावं लागे: या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, ती दिल्याने कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होतं का, आणि तसं असलं तरी व्यापक लोकहितासाठी ती देणं योग्य आहे का. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं एक परंतुक होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळं काढलं आणि १४ नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता (ञ) मध्ये उरलंय ते एवढंच: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. तुमच्या जन माहिती अधिकाऱ्याचं उत्तर एका ओळीचं आहे, कारण कलमच आता एका ओळीचं झालंय.

पण (ञ) मधलं लोकहित गेलं म्हणून कायद्यातलं लोकहित गेलेलं नाही. कलम ८(२) जागच्या जागी आहे. त्याचा आशय असा: पोटकलम (१) मधले कुठलेही अपवाद असोत, किंवा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा असो, माहिती उघड करण्यातलं लोकहित हे ज्या हिताचं संरक्षण करायचंय त्याला होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल तर सार्वजनिक प्राधिकरण ती माहिती देऊ शकेल. यात दोन शब्द नीट बघा. पहिला 'शकेल'. ते आपोआप होत नाही, कुणीतरी तराजू हातात घ्यावा लागतो. दुसरा 'सार्वजनिक प्राधिकरण'. कारकून दर्जाचा जन माहिती अधिकारी म्हणतो, हा निर्णय माझा नाही. म्हणून हा मुद्दा खरा रंगतो तो प्रथम अपिलात. तिथे बहुधा मुख्याधिकारीच बसलेले असतात आणि त्यांना ही सबब सांगता येत नाही.

माझं निरीक्षण असं की लोक अपिलात 'यात मोठा भ्रष्टाचार आहे' असं लिहितात आणि लोकहित मांडून झालं असं समजतात. तो झाला आरोप. तराजूत टाकायला वजन लागतं. मी स्वतः एक अपील याच चुकीने घालवलंय. एका कार्यालयातल्या कर्मचाऱ्याचे रजेचे अर्ज आणि त्यांना जोडलेली वैद्यकीय प्रमाणपत्रं मागितली होती. सुनावणीत विचारलं, यात जनतेचं हित काय? माझ्याकडे रागाशिवाय काही नव्हतं.

अधिकारी हमखास गिरीश देशपांडे निकाल (२०१२) पुढे करतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याला दिलेले ज्ञापन, त्याची मालमत्ता वगैरे माहिती वैयक्तिक ठरवली. पण निकालाचा शेवट कोणी वाचत नाही. अर्जदाराला व्यापक लोकहित सिद्ध करता आलं नाही, असं तिथे म्हटलंय. याच्या बरोबर उलट दिशेचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत इतर उमेदवारांचे गुण मागितले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते द्यायला सांगितले, कारण सरकारी भरती पारदर्शक असण्यात लोकांचं हित आहे. निकाल जुन्या (ञ) खालचा आहे, हे अपिलात प्रामाणिकपणे लिहा. पण लोकहित कसं तोलायचं हा भाग ८(२) खालीही वापरता येतो.

तुमच्या प्रकरणात तराजू कसा भरायचा ते बघू. एका पारड्यात हानी. अमुक कामगार अमुक तारखेला कामावर होता, हे लोकांना कळलं तर त्याचं काय बिघडतं? तो भर रस्त्यात, सगळ्यांसमोर झाडू मारत असतो. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल, घरचा पत्ता हे मात्र खरोखर वैयक्तिक आहे आणि तुम्हाला ते नकोच आहे. तसं स्वतःहून लिहून द्या. कलम १० यासाठीच आहे: जे देता येत नाही ते झाकून बाकीचं द्यायचं. तुम्ही आधीच रकाने सोडलेत तर हानीचं पारडं जवळजवळ रिकामं होतं.

दुसऱ्या पारड्यात आकडे. ४२ वजा २५ म्हणजे १७ माणसं. समजा कंत्राटातला दर माणशी रोज ६०० रुपये आहे (तुमचा खरा दर ठरावात किंवा कार्यादेशात सापडेल, तोच घाला). १७ गुणिले ६०० म्हणजे दिवसाला १०,२००, आणि २६ दिवसांचा महिना धरला तर २,६५,२०० रुपये. सोबत तुमच्या मोजणीची नोंद जोडा: तारीख, वेळ, कुठली हजेरी शेड, किती माणसं, कोण मुकादम होता, शक्य असेल तर फोटो. आठ-दहा दिवसांची पुरे. मात्र एक जपा. काही माणसं थेट घंटागाडीवर किंवा दुसऱ्या पाळीत जात असतील तर तुमची मोजणी एका फटक्यात मोडते. म्हणून पाळ्या आणि ठिकाणं आधी तपासा.

अपिलातला मजकूर मी साधारण असा लिहीन:

"जन माहिती अधिकाऱ्यांनी नकाराची कारणे दिलेली नाहीत, कलम ७(८) प्रमाणे ती देणे आवश्यक होते व नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांची आहे. हजेरीपत्रकातील कामगाराचे नाव व दैनंदिन हजेरी एवढेच मागत आहे. आधार, बँक खाते, मोबाईल व पत्ता कलम १० नुसार वगळावा. मंजूर ४२ कामगार व सोबतच्या तक्त्यातील प्रत्यक्ष संख्या यातील तफावतीमुळे सार्वजनिक निधी प्रत्यक्ष कामावर खर्च झाला का, हे तपासण्यातील लोकहित संभाव्य हानीपेक्षा अधिक आहे. कलम ८(२) खाली विचार करून कारणांसह आदेश द्यावा. कंत्राटदाराची देयके ही सार्वजनिक निधीतून झालेल्या खर्चाची कागदपत्रे असल्याने त्यांना ८(१)(ञ) लागू होत नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. बिलांवरही त्यांनी (ञ) चिकटवलाय, तो तिथे बसत नाही. त्यामुळे सुनावणीत ते पवित्रा बदलतील: व्यापारी गुपित, कलम ८(१)(घ), किंवा 'कंत्राटदाराने हरकत घेतली'. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. कलम ११ नुसार अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्रयस्थ पक्षाला नोटीस द्यायची, त्याने दहा दिवसांत म्हणणं मांडायचं आणि निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा. सरळ विचारा, नोटीस कुठल्या तारखेची आहे, प्रत दाखवा. पुष्कळदा नोटीस गेलेलीच नसते.

माहिती फुकट द्यावी ही मागणी इथे टाकू नका. कलम ७(६) ची ती सवलत मुदत उलटली तरच मिळते आणि तुम्हाला नकार २८ व्या दिवशी मिळालाय. दंडही प्रथम अपिलात मागू नका. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० हा दंड फक्त आयोग लावू शकतो.

प्रथम अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, फार तर कारण नोंदवून ४५ दिवसांत व्हायला हवा. इथला नेहमीचा सापळा म्हणजे 'जन माहिती अधिकाऱ्यांनी नियमानुसार उपलब्ध माहिती द्यावी' असा आदेश. वाचायला गोड, हातात शून्य. सुनावणीतच लेखी निवेदन देऊन सांगा की कुठली कागदपत्रं, कुठल्या महिन्यांची, किती दिवसांत, हे आदेशात यावं, आणि ८(२) वर होय किंवा नाही असं स्पष्ट लिहावं. 'नाही' लिहिलं तरी बिघडत नाही, कारण पुढे त्या नाही ची कारणंच आयोगासमोर तपासली जातात.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे, जोडपत्र क मध्ये, ९० दिवसांत. निर्णयच आला नाही तर ज्या दिवशी तो यायला हवा होता तिथून ९० दिवस मोजा. पाळी यायला वेळ लागतो, वर्ष उलटलं तरी नवल नाही. आयोगानंतर तिसरं अपील नाही. कलम २३ मुळे दिवाणी दावाही लावता येत नाही. उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका, आणि तिथे नवा पुरावा सहसा ऐकत नाहीत. म्हणून तुमचा मोजणीचा तक्ता आजच, पहिल्या अपिलाला जोडायचा.

दरम्यान हात बांधून बसू नका. एक वेगळा नवा अर्ज टाका, एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत (आपल्या राज्याच्या नियमांत ही मर्यादा आहे). त्यात कार्यादेश, कंत्राटाच्या अटी आणि त्या तीन महिन्यांची पैसे दिल्याची प्रमाणकं मागा. यात एकाही कामगाराचं नाव नाही, तेव्हा (ञ) लावायला जागा नाही. 'किती कामगार गैरहजर होते?' असा प्रश्न मात्र विचारू नका. असलेली कागदपत्रं द्यायची असतात, नवी आकडेमोड करून द्यायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. बिलासोबत हजेरीपत्रक आणि पीएफचं चलन जोडायची अट कंत्राटात असली, तर ती अट हाती येताच तिची प्रत अपिलात दाखल करा. हजेरीपत्रक हे पैसे देण्याचा आधार ठरलं की तो फक्त कामगाराचा खाजगी कागद आहे, हे मुख्याधिकाऱ्यांना तोंड वर करून म्हणता येणार नाही.