जुन्या क्लायंटकडे दरवाढ मागण्याआधी कामवाढ वेगळी काढा

प्रश्न: मी फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहे. तीन क्लायंटचं सोशल मीडियाचं काम वर्षभर महिन्याच्या ठरलेल्या पैशांत करतेय. तिघंही खूश आहेत, पण आता दर वाढवायला हवेत. संबंध न बिघडवता हे कसं सांगायचं?

उत्तर:

मेल लिहायला बसण्याआधी एक हिशेब करा, कारण सगळं बोलणं त्यावर उभं राहणार आहे. गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक क्लायंटसाठी खरोखर किती तास गेले ते काढा. नोंद ठेवली नसेल तर मेल, चॅट आणि फाइलांच्या तारखांवरून बऱ्यापैकी अंदाज येतो. कॉल, करेक्शन आणि "एवढं जरा करून द्या ना" म्हणून आलेली किरकोळ कामं त्यात धरायलाच हवीत.

मी बरीच वर्षं याच पद्धतीच्या, महिन्याच्या बांधलेल्या कामावर आहे. वर्षभर सुरळीत चाललेल्या कामात दर जागेवर राहतो आणि काम हळूहळू वाढत जातं, हे मला जवळपास प्रत्येक वेळी दिसलं आहे. त्यामुळे वर्षाच्या शेवटी तुम्हाला जे कमी पडतंय असं वाटतं, त्यातला मोठा भाग दराचा नसतोच. तो न मोजलेल्या कामाचा असतो. या दोन गोष्टी एकत्र करून एकच मोठा आकडा सांगितला की क्लायंट दचकतो. वेगवेगळ्या मांडल्या तर तोच क्लायंट शांतपणे बोलायला बसतो.

एक उदाहरण घेऊन बघू. हिशेब सोपा जावा म्हणून महिन्याचं मानधन १०० धरू. ठरलं होतं ते असं: महिन्याला १२ पोस्ट, प्रत्येकीला करेक्शनच्या दोन फेऱ्या. तेव्हा याला साधारण २० तास लागत होते, म्हणजे तासाला ५ पडत होते. आज त्याच १०० मध्ये स्टोरीज आहेत, रीलची कव्हर आहेत, करेक्शनची तिसरी फेरी आहे आणि दर आठवड्याला एक कॉल आहे. तास झालेत २६, आणि तासाला पडतात सुमारे ३.८५. वर्षभर तुम्ही दर जसाच्या तसा ठेवला असं म्हणता, पण प्रत्यक्षात तो जवळपास चौथ्या हिश्शाने खाली आला आहे.

आता समजा, तुम्हाला खरी दरवाढ १२ टक्के हवी आहे. तासाला ५ चे ५.६० झाले. मूळ ठरलेलं २० तासांचं काम ११२ ला जाईल आणि आज होतंय तसं २६ तासांचं काम सुमारे १४५ ला. तुम्ही नुसतं "पुढच्या महिन्यापासून १४५" असं कळवलंत, तर समोरच्याला ती ४५ टक्के वाढ दिसेल आणि त्याचं चुकणार नाही, कारण जादा काम त्याच्या हिशेबात कधी आलेलंच नाही. "आधी ठरलेलं काम ११२, सध्या होतंय तेवढं १४५, तुम्हाला कोणतं हवं?" असं विचारलंत तर तोच आकडा निवडीचा प्रश्न होतो. हो की नाही असा पेच राहत नाही.

यासाठी जादा काम क्लायंटला आधी दिसायला हवं. मेलच्या आधीच्या दोन महिन्यांच्या इन्व्हॉइसमध्ये ते वेगळ्या ओळीत लिहा: "रील कव्हर ४, शुल्क ०". "करेक्शनची तिसरी फेरी, ३ पोस्ट, शुल्क ०". सोबत तक्रार किंवा टोमणा काहीही नको. बिल पास करणारी व्यक्ती हे वाचते, आणि दोन महिन्यांनी दराचा विषय निघतो तेव्हा तो अचानक आलेला वाटत नाही. मला विचाराल तर संबंध टिकवण्यासाठी याहून चांगली तयारी नाही.

मेल किती आधी पाठवायचा? नवा दर लागू होण्याच्या निदान ४५ ते ६० दिवस आधी. करारात नोटिशीचा काळ लिहिला असेल तर तो पाळा. दर ठराविक मुदतीसाठी बांधलेला असेल तर मुदत संपेपर्यंत थांबावंच लागेल. क्लायंटचं वार्षिक बजेट कधी ठरतं ते माहीत असेल तर त्याच्या आधी कळवा, कारण मंजूर झालेल्या बजेटमध्ये वाढ बसवणं तुमच्या संपर्कातल्या माणसाच्या हातात सहसा नसतं.

हा संपर्कातला माणूस फार महत्त्वाचा आहे. रोज तुमच्याशी बोलणारी मार्केटिंगमधली व्यक्ती तुमचं काम ओळखते, पण पैसे मंजूर करणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. म्हणून मेल असा लिहा की ती व्यक्ती तो एकही शब्द न बदलता वर पाठवू शकेल. त्यात घरखर्च, महागाई, तुमची ओढाताण नको, आणि माफीही नको. "मला अवघडल्यासारखं होतंय" असं लिहिलंत की वर बसलेला माणूस तिथेच घासाघीस सुरू करतो. मी साधारण असं लिहितो:

"नमस्कार, आपल्या कामाला पुढच्या महिन्यात वर्ष पूर्ण होतंय. अमुक तारखेपासून ठरलेल्या कामाचा, म्हणजे १२ पोस्ट आणि प्रत्येकी करेक्शनच्या दोन फेऱ्या, मासिक दर १०० ऐवजी ११२ असेल. गेले काही महिने स्टोरीज, रीलची कव्हर, करेक्शनची जादा फेरी आणि साप्ताहिक कॉलही नियमित होत आहेत. हे सगळं पुढेही हवं असेल तर मासिक दर १४५ राहील. त्या तारखेपर्यंतची आणि आधीच ठरलेली सगळी कामं जुन्याच दराने पूर्ण होतील. दोन्हींपैकी काय सोयीचं ते अमुक तारखेपर्यंत कळवाल का, म्हणजे पुढचं वेळापत्रक वेळेत लावता येईल."

बस, इतकंच. वर्षभरात एखाद्या कामाचा ठोस परिणाम क्लायंटने स्वतः तुम्हाला सांगितला असेल तर त्याची एक ओळ जोडा. तुम्ही स्वतः केलेली कामाची स्तुती मात्र नको. ज्यांच्याशी रोजचं बोलणं आहे त्यांना मेल पाठवण्याच्या आदल्या दिवशी फोन करून "उद्या दरांबद्दल मेल येईल" एवढं सांगून ठेवा. फोनवर आकडा सांगू नका, तिथेच सौदा सुरू होतो.

यानंतर बहुतेक उत्तर येतं, "बजेट नाही." हे ऐकून लगेच मागे हटू नका आणि चिडूही नका, कारण त्याचे निदान दोन वेगळे अर्थ असतात. एक म्हणजे या वर्षाची रक्कम मंजूर होऊन गेली आहे. तसं असेल तर नवा दर आजच लेखी मान्य करून घ्या आणि तो त्यांच्या नव्या बजेटच्या तारखेपासून लागू करा. मधल्या काळात काम मूळ १२ पोस्टवर आणा. दुसरा अर्थ, १०० च्या वर जाण्याची त्यांची खरंच तयारी किंवा ऐपत नाही. मग १०० भागिले ५.६०, म्हणजे सुमारे १८ तास. मूळ कामात एका पोस्टला साधारण १ तास ४० मिनिटं जातात, त्यामुळे १८ तासांत १० पोस्ट नीट होतात. "१०० मध्ये १० पोस्ट देता येतील" हे उत्तर कुणाला टाकून बोलल्यासारखं लागत नाही आणि तुमचा दरही शाबूत राहतो. तेवढंच काम जुन्या पैशांत चालू ठेवलंत तर पुढच्या वर्षी तुमच्या मेलमधली तारीख कुणी गंभीरपणे घेणार नाही.

"थोडं कमी करा" म्हणणारेही असतात. सवलत द्यायचीच असेल तर त्या बदल्यात काहीतरी घ्या: ४५ दिवसांनी येणारं पेमेंट १५ दिवसांत, किंवा तीन महिन्यांचे आगाऊ पैसे. काहीही न घेता आकडा खाली आणला की आधीचा आकडा फुगवलेला होता, असाच त्याचा अर्थ निघतो.

आता तुमच्या तीन क्लायंटबद्दल, कारण इथे धोका खरा आहे. १२ टक्के वाढीमुळे जास्तीत जास्त १०.७ टक्के काम गेलं तरी उत्पन्न तेवढंच राहतं (१२ भागिले ११२). तिघांकडून सारखे पैसे येत असतील तर एक जाणं म्हणजे ३३ टक्के, आणि ती तूट भरायला उरलेल्या दोघांकडून ५० टक्के वाढ लागेल. म्हणजे इतक्या थोड्या क्लायंटमध्ये दरवाढ स्वतःच्या जोरावर नुकसान भरून काढत नाही. म्हणून तिघांना एकाच दिवशी मेल पाठवू नका. आधी नवीन चौकशी येईल तिला नवा दर सांगा. दोन-तीन अनोळखी लोकांनी तो खळखळ न करता घेतला तर आकडा बाजाराला मान्य आहे हे कळतं, आणि कुणी गेलंच तर जागा भरण्याची सोयही होते. त्यानंतर ज्याच्या जाण्याने सर्वांत कमी फरक पडेल त्या क्लायंटपासून सुरुवात करा आणि दोन मेलमध्ये महिनाभराचं अंतर ठेवा. निम्म्याहून जास्त पैसे एकाच क्लायंटकडून येत असतील तर त्याची पाळी शेवटी.

एक अडचण लोकांच्या लक्षात उशिरा येते. क्लायंट "ठीक आहे" म्हणतो, तुम्ही नव्या दराचं बिल पाठवता आणि अकाउंट्सकडून ते परत येतं, कारण त्यांच्याकडची पर्चेस ऑर्डर जुन्या रकमेची असते. म्हणून होकार आल्याबरोबर सुधारित पर्चेस ऑर्डर मागा आणि ती हातात आल्यावरच पहिलं बिल करा. मेलला उत्तरच आलं नाही तर शांतता म्हणजे होकार असं धरू नका. ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी फोन करून "११२ चं वेळापत्रक लावू की १४५ चं?" असं विचारा.

जो क्लायंट जायचं म्हणेल त्याचा शेवटचा महिना जुन्याच दराने करा, मूळ फाइल्स ठरल्याप्रमाणे नीट नावं देऊन सोपवा. जे राहतील त्यांच्याशी नवा दर लेखी करताना "दर १२ महिन्यांनी दर आणि कामाचं स्वरूप दोन्हींचा आढावा" ही एक ओळ घालून घ्या, आणि जादा कामाची शून्य शुल्काची ओळ पहिल्या महिन्यापासूनच बिलात चालू ठेवा.