मटण आणि सॉसेज-सलामी, कॅन्सरच्या बाबतीत दोन्ही सारखंच का?

प्रश्न: सॉसेज सिगारेटइतकंच वाईट म्हणतात, मग रविवारचं मटणपण बंद करायचं का?

नाही हो, सारखं नाहीये. 2015 मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज-सलामीसारखं टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं मांस, ग्रुप 1 मध्ये टाकलं, तिथेच तंबाखू आहे म्हणून सगळे घाबरले, पण ग्रुप म्हणजे पुरावा किती पक्का एवढंच, धोका किती मोठा ते नाही. साधं लाल मांस (आपलं बोकडाचं मटणपण त्यातच) 2A मध्ये, म्हणजे 'बहुतेक होत असावा', पुरावा कच्चा.

आता आकडा बघा. रोज 50 ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 100 पैकी 18 जणांना होतो असं नाही, समजा 100 पैकी 6 जणांना आयुष्यात होणारच होता तर ते साधारण 7 होतात. आणि हे रोज खाणाऱ्यांचं.

दुकानात पाकीट उलटं करून INS 250 शोधा, ते सोडियम नायट्राइट, त्यातून पोटात नायट्रोसो संयुगं बनतात, ज्यांचा कॅन्सरशी संबंध आहे. चिकन सलामीपण प्रोसेस्डच बरं का, गोव्याचं सॉसेज, चोरिस, तेही. मटण आठवड्यातून एकदा खात असाल तर खा, फक्त तव्यावर काळं करू नका.