फोनवरचा ‘अं’ आणि आवाजाची तुलना

प्रिय मित्रा,

तुझ्यापुढे दोन ध्वनिमुद्रणं आहेत. एक धमकीचा फोन, त्यात एका पुरुषाचं निव्वळ बोलणं जेमतेम 40 सेकंदांचं. दुसरी संशयिताची अर्ध्या तासाची मुलाखत, खोलीत चांगल्या मायक्रोफोनवर नोंदवलेली. दोन्ही आवाज कानाला सारखे वाटतात, आता काय मोजू, असं तू विचारलंस. मोजण्याआधी एक बघ: फोनने त्या आवाजातलं काय शिल्लक ठेवलंय?

साधी फोन लाईन सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवते. ‘स’ची बरीचशी ऊर्जा 4000 हर्ट्झच्या वर असते. माणसामाणसाचा ‘स’ वेगळा असतो आणि एरवी तो उपयोगी पडतो, पण या फोनमध्ये तो जवळजवळ गेलाच आहे. खालच्या टोकाला वेगळीच अडचण. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा पहिला फॉर्मंट, म्हणजे घसा आणि तोंड मिळून बनणाऱ्या स्वरमार्गाचा सर्वांत खालचा अनुनाद, 300 हर्ट्झच्या आसपास असतो. फोन नेमका तिथेच कापतो, त्यामुळे मोजणी तो आहे त्याहून वर दाखवते. मुलाखतीतल्या ‘ई’शी थेट तुलना केलीस तर एकाच माणसात खोटा फरक दिसेल. दोन्ही नमुने फोनवरचे असतील तर धोका उलटा: दोघांचाही फॉर्मंट वर ढकलला जातो आणि खोटं साम्य दिसतं. म्हणून पहिला फॉर्मंट ‘आ’सारख्या उघड्या स्वरांपुरताच वापर, तोही जपून. दुसरा आणि तिसरा फॉर्मंट पट्ट्याच्या मधोमध येतात, भर त्यांच्यावर दे. आजकालचे काही कॉल रुंद पट्ट्याचे असतात, तेव्हा आधी स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे ते दाखवणाऱ्या चित्रावर, ऊर्जा कुठे तुटते ते पाहून घे. आणि मूळ फाइलच माग. मेसेजवरून पुढे पाठवलेली प्रत आकार लहान करण्यासाठी पुन्हा दाबली गेलेली असते.

आवाजाच्या पट्टीवर फार विसंबू नकोस. पुरुषाची 110 हर्ट्झची मूलभूत वारंवारता फोनच्या पट्ट्याबाहेर असली तरी तिच्या पटींमधल्या अंतरावरून ती काढता येते, त्यामुळे मोजता येईल हे खरं. पण रागात, गोंगाटात किंवा फोनवर मोठ्याने बोलताना तीच पट्टी सहज वर चढते. धमकी देणारा आणि शांतपणे उत्तरं देणारा एकच माणूस असला तरी आकडे जुळणार नाहीत. शिवाय बहुतेक पुरुषांच्या सरासऱ्या एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की त्या जुळल्या तरी त्यातून फारसं काही निघत नाही.

मग 40 सेकंदांत शोधायचं काय? अडखळताना निघणारा ‘अं’. बोलणारा शब्दांकडे लक्ष देतो, ‘अं’कडे नाही, त्यामुळे आवाज बदलायचा प्रयत्न करणाराही तो बदलायला बऱ्याचदा विसरतो. तो लांब असतो, स्थिर असतो, आणि मागेपुढे थोडी शांतता असली की शेजारच्या व्यंजनांची ओढ त्याला लागत नाही. त्याच्या शेवटी ‘म्’ येत असेल तर तो भाग वेगळा काढ, कारण नासिक्यीभवनाने, म्हणजे आवाज नाकातून गेल्याने, फॉर्मंट सरकतात.

प्रत्येक ‘अं’चा स्थिर मधला भाग निवड आणि तिथे मोज. प्राट या आवाज मोजण्याच्या प्रोग्राममध्ये पुरुषाच्या आवाजासाठी साधारणतः 5000 हर्ट्झखाली 5 फॉर्मंट शोधायला सांगतात. तीच मांडणी फोनच्या नमुन्याला लावलीस, तर नसलेल्या भागात फॉर्मंट शोधण्याच्या नादात प्रोग्राम खऱ्या दोन फॉर्मंटच्या मध्ये एक खोटा घुसवतो. `Formant ceiling`, म्हणजे फॉर्मंट शोधण्याची वरची मर्यादा, 4000 च्या आसपास आण, फॉर्मंटची संख्या 3 किंवा 4 ठेव, आणि प्रत्येक बिंदू स्पेक्ट्रोग्रामवरच्या काळ्या पट्ट्यावर बसतोय का ते डोळ्याने तपास. तिसरा फॉर्मंट अचानक 400–500 हर्ट्झ उडी मारत असेल तर चूक बहुधा मोजणीची असते. मुलाखतीचं ध्वनिमुद्रणही फोनच्या पट्ट्याइतकं गाळून मग मोज. कोडेकचा, म्हणजे फोनवर आवाज दाबून पाठवणाऱ्या पद्धतीचा, सगळा परिणाम त्याने साधत नाही, पण निदान कापलेल्या पट्ट्यामुळे होणारा फरक निघून जातो.

आता खरा प्रश्न. समजा फोनमधल्या ‘अं’च्या तिसऱ्या फॉर्मंटची सरासरी 2310 आली आणि संशयिताची 2330. वीस हर्ट्झचा फरक. छान जुळलं म्हणून इथेच थांबायचा मोह होईल. पण त्या भाषेच्या, त्याच लिंगाच्या, तशाच फोनवर बोलणाऱ्या इतर लोकांत हा आकडा किती सर्रास आढळतो?

उदाहरणापुरते आकडे धरू. इतर पुरुषांची सरासरी 2500, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची पसरण, 150. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या वेळच्या सरासऱ्यांतलं विचलन 60. संशयित बोलत असेल तर 2310 मिळण्याची संभाव्यता घनता, आणि दुसराच कुणी बोलत असेल तर ती मिळण्याची घनता, यांचं गुणोत्तर साधारण 5 येतं. आता तोच वीसचा फरक 2490 आणि 2510 असा घे. गुणोत्तर 2.4 च्या आसपास घसरतं, कारण या आकड्यांच्या जवळपास कितीतरी पुरुष आहेत. साम्य तितकंच, पुराव्याचं वजन निम्म्याहून कमी.

या 5 चा अर्थ नीट धर. ‘तो असण्याची शक्यता तो नसण्याच्या पाचपट’ असं त्यातून निघत नाही. फोन करणारा 101 जणांपैकी कुणीही असू शकतो आणि इतर पुरावा काहीच नाही असं धरलं, तर आधीचं प्रमाण 1 ला 100. पाचाने गुणल्यावर 5 ला 100, म्हणजे जेमतेम 5 टक्के. आधीचं प्रमाण ठरवणं न्यायालयाचं काम आहे, तुझं नाही. आणि ‘अं’चा तिसरा फॉर्मंट, ‘आ’चा तिसरा फॉर्मंट अशी गुणोत्तरं एकमेकांशी गुणत सुटू नकोस. दोन्ही त्याच एका स्वरमार्गाच्या लांबीवर अवलंबून आहेत, एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि वजन फुगतं.

ते 60 चं विचलन आणायचं कुठून, इथे बहुतेक अहवाल लंगडे पडतात. एकाच बैठकीतल्या मुलाखतीवरून ते ठरवता येत नाही. सर्दी, थकवा, दिवसाची वेळ, सगळ्याने आवाज हलतो. म्हणून शक्य असेल तर संशयिताचे दोन वेगळ्या दिवसांचे नमुने माग, तेही वाचून घेतलेले नकोत, मोकळ्या बोलण्याचे, फोनवरून. वाचताना ‘अं’ येतच नाहीत. फोनमध्ये ‘अं’ दोनतीनच असतील, तर त्यांच्या सरासरीवर फार भार टाकू नकोस आणि तसं अहवालात लिही.

उच्चाराच्या लकबीही नोंदव, पण त्या काय सांगतात ते ओळखून. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणं किंवा ‘ळ’च्या जागी ‘ल’ येणं हे गटाचं लक्षण आहे, लाखो लोकांत सापडणारं. आणि दोन सख्खे भाऊ असतील तर उच्चारही जुळतील, फॉर्मंटही बरेच जवळ येतील. भाऊ संशयाच्या कक्षेत असेल तर तुलना त्याच्याही आवाजाशी व्हायला हवी, अनोळखी लोकांच्या सरासरीशी केलेली पुरणार नाही.

मोजणी पूर्ण होईपर्यंत तपासाची कागदपत्रं वाचू नकोस. कबुलीजबाब वाचलेल्या कानाला साम्यच ऐकू येतं. नमुन्यांना सांकेतिक नावं देऊन निदान काही ‘अं’ दुसऱ्या सहकाऱ्याकडून मोजून घे.

1962 मध्ये आवाजाच्या ‘ठशांचा’ दावा झाला तो स्पेक्ट्रोग्राम डोळ्यांनी जुळवण्याच्या जोरावर. 1979 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने न्यायालयात हे तंत्र फार सावधपणे वापरावं असं सांगितलं. तेव्हा ‘आवाज जुळला’ किंवा ‘ओळख पटली’ हे शब्द तुझ्या अहवालात नकोत. या प्रकरणात लिहिण्यासारखं वाक्य असं: ‘मोजलेली वैशिष्ट्यं संशयित बोलत असल्यास अपेक्षित आहेत, दुसरी व्यक्ती बोलत असल्यास ती सुमारे पाचपट कमी अपेक्षित आहेत. हा आधार कमकुवत आहे.’ तपास अधिकारी यावर नाराज होतील. त्यांना गाळलेल्या पट्ट्याचा स्पेक्ट्रोग्राम आणि ‘अं’ची संख्या दाखव.

तुझा,
एक सहकारी