भाऊजींनी ठेवलेलं नाव

प्रश्न: घरगुती वस्तूंचं छोटं ऑनलाइन दुकान सुरू करतोय. लक्षात राहील असं नाव, लोगो आणि ब्रँडची गोष्ट कशी तयार करावी?

आमचं पहिलं नाव भाऊजींनी ठेवलं होतं, 'सांगली होम डेकोर'. मी वाकळा, सतरंज्या, बांबूच्या टोपल्या विकते. 'गुगलवर शोधलं की आपणच वर दिसणार' हा त्यांचा मुद्दा. पाटीवर नुसतं 'दुकान' लिहावं तसलं हे नाव, असं मी म्हटलं होतं. पण तेव्हा घरात माझं ऐकतंय कोण!

त्याच नावाने ट्रेडमार्कचा अर्ज केला. वाकळा-चादरी वर्ग २४ मध्ये येतात आणि व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी ४,५०० रुपये. पुढे तपासणी अहवाल आला, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ चा आक्षेप घेऊन. नावात गाव आहे, माल आहे, आणि बाकी काहीच नाही. तसल्या नावावर एकट्याचा हक्क कसा देणार? अर्ज सोडून दिला. फी परत मिळत नाही. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. आमची वाकळ आवडलेल्या पुण्याच्या एका बाईंनी दुसऱ्यांदा शोधताना 'सांगली होम' एवढंच टाकलं आणि भलत्याच दुकानातून पडदे मागवले. वर मलाच फोन, 'पडदे पातळ निघाले हो.'

दुसऱ्या खेपेला भाऊजींना विचारलंच नाही. वहीत घरातले जुने शब्द लिहिले आणि नऊ ओळखीच्यांना फोन लावले. नाव एकदाच सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, 'आता इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवा' म्हणायचं. 'फडताळ' मला फार आवडलं होतं. उत्तरं आली phadtal, fadtal, fadtaal, आणि एक padtal. गिऱ्हाईक मोबाइलवर जे टाइप करेल तेच तुमचं खरं नाव, त्यामुळे फडताळ गेलं. 'कोनाडा'ला तिघांनी kannada लिहून पाठवलं. मिरजेच्या मैत्रिणीने विचारलं, 'कानडी शिकवणी काढतेस का?' शेवटी ठेवलेला शब्द आजीच्या स्वयंपाकघरातला आहे, नऊपैकी आठजणांनी सारखाच लिहिला. इथे सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल.

लोगोवर मी फार डोकं घालवत नाही. पहिला लोगो सात रंगांचा मोर होता. खोक्यावर मारायला त्याचा रबरी शिक्का करून घेतला तर मोराचा नुसता काळा गोळा उमटायचा. आता एकाच रंगाची जाड रेघ आहे, ती खाकी खोक्यावर, कापडी लेबलवर आणि व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत सारखीच दिसते. डिझायनरकडून एसव्हीजी फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, घ्या, आणि पैसे देण्याआधी हक्क तुमच्या नावावर केल्याचं लेखी घ्या. बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं आणि काहीच लिहून ठेवलं नाही, तर कॉपीराइट साधारणपणे त्याच्याचकडे राहतो. मोराच्या मूळ फाइलसाठी माझ्याकडे दुप्पट पैसे मागितले होते.

ब्रँडच्या गोष्टीवरून आमच्या घरात खरं भांडण झालं. भाऊजींनी वेबसाइटवर लिहिलं, 'तीन पिढ्यांचा वारसा'. सासरे एसटीत कंडक्टर होते! कसला वारसा, तिकिटाच्या पेटीचा? खरं काय झालं ते मला माहीत होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. कापसाच्या गाद्या चिखल पिऊन इतक्या जड झाल्या की चौघांनी उचलून रस्त्यावर टाकल्या. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या दोन वाकळा मात्र तीनदा धुतल्या, गच्चीवर उन्हात टाकल्या, आणि त्याच अंथरून आम्ही झोपलो. थर पातळ आणि धावदोरा जवळजवळ, त्यामुळे आतलं काही गोळा होत नाही. शेजारणीने 'मला एक शिवून दे' म्हटलं, तिथून धंदा सुरू झाला. भाऊजी म्हणाले, 'पुराचं रडगाणं कोण वाचणार?' मी तेच लिहिलं, गच्चीवरच्या वाकळेच्या फोटोसकट. आता फोनवर गिऱ्हाईक पहिलं विचारतं, 'पुरात धुतलेली ती हीच का?' आणि धुवायची कशी हे मला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

हां, दोन गोष्टी राहिल्या. घरगुती शब्द घ्या, पण विकता त्याच वस्तूचा नको. वाकळा विकणाऱ्याने 'वाकळ' ठेवलं तर पुन्हा तोच कलम ९ चा आक्षेप. आणि अर्जाआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर उच्चाराने शोधून बघा, स्पेलिंग वेगळं असलं तरी सारखं ऐकू येणारं नाव अडवतं. नोंदणी होईपर्यंत ™ चालतं, ® लावायचं नाही, तो गुन्हा आहे. तुम्ही नक्की काय विकणार ते लिहिलंच नाहीत, त्यामुळे वर्ग २४ की दुसरा कुठला, ते तुमचं तुम्ही बघा.

भाऊजी पाहुण्यांना अजून सांगतात, नाव त्यांनीच सुचवलं म्हणून.