कर्णधाराने धरलेला कान कुठला?

प्रश्न: "कॉमेंटरीत ऐकलं की टीमचे कान धरतो म्हणून कर्णधार. खरंय का? की जहाजाशी काही संबंध आहे?"

टीमचे कान धरायचं काम हेडमास्तरचं. हे असले व्हॉट्सॲपी अर्थ ऐकून डोकं फिरतं, त्यात 'शिडाला दिशा देणारा कर्णधार' असंही वाचायला मिळतं, शिडाकडे बघायला खलाशी असतात हो! अमरकोशात बघा, 'सांयात्रिकः पोतवणिक् कर्णधारस्तु नाविकः'. म्हणजे माल ज्याचा तो सांयात्रिक आणि कर्णधार तो नावाडी. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार, विषय संपला.

पण सुकाणूला कान का म्हणावं, खरी मजा इथे आहे. शब्दकोशवाले सांगतात की कर्ण म्हणजे भांड्याचा कान, धरायची मूठ, म्हणून सुकाणूची मूठ. मला हे अजिबात पटत नाही. मूठ वल्ह्यालाही असते, मग वल्हं मारणारेही कर्णधार का नाहीत? माझा तर्क वेगळा आहे आणि त्यासाठी जुनं गलबत डोळ्यासमोर आणावं लागेल.

आज आपल्याकडच्या बोटींना सुकाणू मागे मधोमध असतं. जुन्या जहाजांना तसं नव्हतं, तिथे मागच्या टोकाशी डाव्या-उजव्या अंगाला एकेक मोठं रुंद पात्याचं वल्हं दोरांनी बांधलेलं असायचं. ते मारायचं नसतं. दांड्याला वर एक आडवी दांडी बसवलेली असते, ती ओढली की दांडा जागच्या जागी फिरतो, पातं पाण्याला तिरपं लागतं आणि नाव वळते. दोन का? तर वारा बाजूने आला की जहाज कलतं, वाऱ्याकडचं पातं पाण्याबाहेर निघून नुसतं हवेत फिरतं आणि दुसरं खोल जातं, मग त्याच्यावर भिस्त. चौकोनी शिडाचं जहाज तर मागून वारा घेऊनच नीट धावतं, तेव्हा मागून येणारी लाट ढुंगण उचलून जहाज आडवं फिरवायला बघते, त्या वेळी दोन्ही पाती पाण्यात लागतात. आता हे जहाज मागून बघा, डोक्याच्या दोन बाजूंना दोन कान! एका नावेला दोन कर्ण, मूठ नव्हे, जोडी. मला तरी हेच खरं वाटतं.

अजिंठ्याच्या 2 नंबरच्या लेण्यात जहाज रंगवलंय, बौद्ध कथांमधल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या गोष्टीतलं मानतात, आणि हा पूर्ण आपल्या सोपाऱ्याचा. लोक तिथली तीन शिडं मोजतात आणि निघून येतात, मागच्या अंगाचं सुकाणूचं वल्हं कोणी बघत नाही. त्याच चित्रावरून हल्ली शिवलेलं जहाज बांधलं ते कौंडिण्य, 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात आलं, त्यालाही चौकोनी शिडं आणि वल्ह्याचीच सुकाणू.

शिवलेलं म्हणजे खरोखर शिवलेलं बरं का. आधी फळ्या कडेला कड लावून बसवायच्या, कडेने भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची वळकटी ठेवायची आणि वरून सुंभाने ताणून टाके घालायचे, मग भोकांत काथ्या नि राळ ठासायची आणि अंगाला तेल-राळ चोपडायची. आतल्या आडव्या फासळ्या नंतर बसतात, आधी कवच मग सांगाडा. वाळूवर आपटलं तर अंग जरा लवतं, फुटत नाही. पण टाके कुजतात, ढिले पडतात, पाणी झिरपायला लागलं की ओळखायचं आणि उलगडून परत शिवायचं, हा दर काही वर्षांचा धंदा. खिळे का नकोत, यावर भोजाच्या नावावरच्या युक्तिकल्पतरूत मस्त कारण दिलंय, समुद्रातले चुंबकी दगड लोखंड ओढून घेतात म्हणून जहाज 'गुणाने' बांधावं. हा गुण म्हणजे दोरी, सद्गुण नव्हे! (डोलकाठीला अमरकोशात गुणवृक्षक म्हटलंय, दोऱ्यांचं झाड, काय शब्द आहे!) दगड ही थापच. खारं पाणी लागून लोखंड गंजतं आणि खिळ्याभोवतीचं लाकूड सडतं, हे खरं दुखणं.

आणि सुकाणू? तो शब्द अरबी 'सुक्कान'वरून आलेला. 1237 मध्ये बगदादच्या अल-वासितीने काढलेल्या चित्रात शिवलेलं जहाज आहे आणि सुकाणू मात्र मागे मधोमध, एकच. माझं म्हणणं, आपल्याकडे वस्तू बदलली तसा शब्दही बदलला, दोन कान गेले आणि एक सुकाणू आलं. कोणी म्हणेल अरब जुन्या बाजूच्या वल्ह्यालाही सुक्कानच म्हणत असतील. म्हणू देत, पण मूठवाल्यांनी आधी वल्हेकऱ्याचं उत्तर द्यावं.