दया अर्जाला लागलेला उशीर कोर्टात कसा मांडायचा?

प्रश्न : माझा भाऊ 2009 पासून नागपूर मध्यवर्ती कारागृहात आहे. सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, पुनर्विचार याचिकाही 2018 मध्ये फेटाळली. लगेच दया अर्ज केला. राज्यपालांनी 2021 मध्ये नाकारला, राष्ट्रपतींचा नकार गेल्या आठवड्यात कळला. इतकी वर्षं झाली, मग फाशी रद्द होईल का?

उत्तर : ताई, आधी तारखांचं बघू. 2009 ते 2018 हा काळ खटल्यात आणि अपिलात गेला, तो उशिरात धरत नाहीत. 1989 च्या त्रिवेणीबेन निकालापासून हे ठरलेलं आहे. तुमची मोजणी 2018 पासून सुरू होते.

अमुक वर्षं झाली की फाशी रद्द, असा आकडा कायद्यात नाही. कोर्ट एवढंच विचारतं, की फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती आणि का? तुम्ही स्वतः मुदत मागितली असेल, तर तेवढा काळ वजा होतो. सरकारला ज्याचं कारण सांगता येत नाही, तो काळ तुमच्या बाजूने उभा राहतो. 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की असा विनाकारण, अवाजवी उशीर हा कैद्याचा छळच आहे आणि गुन्हा कितीही भयंकर असला तरी हा मुद्दा ऐकावा लागतो.

पुण्याच्या कॉल सेंटर कर्मचारी तरुणीच्या खून खटल्यात काय झालं ते बघा. राष्ट्रपतींनी मे 2017 मध्ये दया नाकारली, पण फाशीचं वॉरंट निघालं एप्रिल 2019 मध्ये. मधल्या काळात कारागृह पत्रं लिहीत राहिलं आणि सत्र न्यायालयातून वॉरंट निघेना. मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून 35 वर्षांची कैद दिली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये ती कायम ठेवली. म्हणजे नकारानंतरची दिरंगाईही मोजली जाते.

म्हणून कारागृह अधीक्षकांकडे आजच लेखी अर्ज द्या. नकाराच्या आदेशाची प्रत, दया अर्जासोबत पाठवलेली कागदपत्रं आणि प्रत्येक पत्राची जावक तारीख मागा. भावाला एकांत कोठडीत ठेवलं होतं का, मानसिक आजाराचे उपचार झाले का, याच्या नोंदीही घ्या. हे दोन्ही स्वतंत्र मुद्दे आहेत. मंत्रालयात फाइल कुठे थांबली, ते सरकारला शपथपत्रात सांगावंच लागेल. त्यातल्या दोन नोंदींमधलं रिकामं अंतर हाच तुमच्या याचिकेचा कणा.

नकार कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस द्यावे लागतात. त्यातला आठवडा गेलाच आहे, त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली फौजदारी रिट याचिका तातडीने दाखल करा आणि पहिल्याच दिवशी स्थगिती मागा. वकिलाची फी झेपत नसेल, तर उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट घरी स्पष्ट सांगा. याचिका जिंकली तरी भाऊ सुटणार नाही. फाशीची जन्मठेप होईल किंवा काही वर्षांची ठरावीक कैद. दोषी असल्याचा निकाल तसाच राहील.